कागदावर तीन रुपये

त्या सेठजींचा मला आजही राग येतो. माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली, त्यांच्या कारखान्याच्या जागेवर आता घरं उभी आहेत, आणि तरीही कुणी मजुरीचा आकडा नुसता बोलून दाखवला की माझी कानशिलं तापतात. वयानं राग निवतो असं लोक सांगतात. माझा निवला नाही.

एकाहत्तरची लढाई तोंडावर होती. जबलपूरच्या सरकारी कारखान्यांत रात्रपाळ्या वाढल्या होत्या आणि त्यांच्या जोरावर गावातले छोटे कारखानेही धावायला लागले होते. आमचे सेठजी लाकडी पेट्या बनवायचे. तोफगोळे भरून पाठवायच्या पेट्या. सलईच्या फळ्या, लोखंडी पट्ट्या, बिजागऱ्या आणि दोन्ही बाजूंना उचलायला दोरीच्या कड्या. आमचे बाबा सरकारी कारखान्यात चार्जमन होते, एका विभागावर देखरेख त्यांची. सेठजींशी त्यांची ओळख होती. मी नुकतीच बी.कॉम. झाले होते. मराठी घरातली मुलगी कारखान्यात जाणार म्हटल्यावर आईनं नाक मुरडलं, पण बाबा म्हणाले, शिकली आहे तर बसून काय करणार. अशी मी तिथे हिशेबाला लागले.

माझं मुख्य काम कॉस्ट शीट तयार करायचं. सरकारशी करार असा होता, की पेटीला जो खर्च येईल तो दाखवायचा, त्यावर ठरलेला नफा धरायचा आणि ती विक्री किंमत. म्हणजे सगळं त्या एका कागदावर. मला ते काम आवडायचं, हे मी लपवणार नाही. आधी जे थेट पेटीत जातं ते: फळ्या, पट्ट्या, बिजागऱ्या, दोरी, रंग. मग ज्यांचे हात पेटीला लागतात त्यांची मजुरी: करवतीवरचे, सुतार आणि बायका. मग पेटीवर छाप उठवायला फक्त या कामासाठीच आणलेल्या ठशाचं भाडं. या सगळ्याची बेरीज म्हणजे प्राइम कॉस्ट, मूळ खर्च. त्यानंतर फॅक्टरी ओव्हरहेड, म्हणजे कारखान्याचा असा वरखर्च की जो एका पेटीवर बोट ठेवून दाखवता येत नाही. फोरमनचा पगार, वीज, शेडचं भाडं, करवतीची धार, तेल, मशीनची झीज. खिळेसुद्धा त्यातच, कारण पेटीगणिक खिळे कोण मोजणार. भुसा आणि तुकडे विकून जे येईल ते त्यातून वजा. हा वरखर्च पेट्यांवर वाटायचा कसा, तर मजुरीच्या प्रमाणात. आमच्या करारात तो थेट मजुरीच्या ऐंशी टक्के धरायचा ठरला होता. पुढे ऑफिसचा खर्च, मग ट्रकभाडं, शेवटी दहा टक्के नफा.

सेठजी वाईट बोलायचे नाहीत. मला ‘बिटिया’ म्हणायचे. दसऱ्याला प्रत्येक बाईच्या हातात स्वतः मिठाईचा पुडा ठेवायचे. फोरमनला अरे-तुरे करायचे, पण बायकांशी बोलताना आवाज खाली असायचा. मला वाटायचं, चांगला मालक मिळाला.

बायका वीसेक होत्या. पेट्या घासायच्या, रंगवायच्या, दोरी वळून कड्या बांधायच्या. दोरी अशी खरखरीत की संध्याकाळपर्यंत बोटांची सालं निघायची. त्यांच्यात सगळ्यांत मोठी होती तिला सगळे मौसी म्हणायचे. ती मझौलीकडची. नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन गावातून निघाली आणि इथे बहिणीच्या वस्तीत राहिली. फार बोलायची नाही. पण ती उठली की बाकीच्या उठायच्या, ती बसली की बसायच्या.

शनिवारी मजुरी वाटली जायची. ते काम रोखपालाचं. एका शनिवारी त्याला ताप आला आणि सेठजींनी पैशांची पिशवी आणि मजुरीचं रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, बिटिया, आज तू वाट. रजिस्टर मला पाठ होतं, त्यावरूनच मी कॉस्ट शीटचा आकडा घ्यायची. बायकांना रोजचे तीन रुपये. प्रत्येकीच्या नावापुढे अंगठा.

मी पैसे मोजले तर कमी भरले. मला वाटलं माझी चूक. पुन्हा मोजले. सुतारांचे बरोबर होते, करवतीवाल्यांचे बरोबर होते. बायकांचेच कमी होते, आणि थोडेथोडके नाही. भागाकार केला तर एकीला रोजचे पावणेदोन रुपये पडत होते.

मी पिशवी घेऊन सेठजींच्या खोलीत गेले. सांगितलं की बँकेतून पैसे कमी आले आहेत. ते हसले. ती हसण्याची पद्धत मी विसरले नाही. लहान मुलानं काहीतरी भोळंभाबडं विचारल्यावर हसतात तसे. म्हणाले, पैसे बरोबर आहेत. बायकांना पावणेदोनच देतात, सगळीकडे तेच देतात. रजिस्टरमध्ये तीन हे सरकारसाठी आहे.

“आणि अंगठे?” मी विचारलं.

“अंगूठा तो अंगूठा है, बिटिया. उसमें क्या पढ़ना.”

मी पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, मी वाटणार नाही. त्यांना राग आला नाही. त्यांनी फोरमनला बोलावलं आणि त्याच्याकडून मजुरी वाटून घेतली. मी खिडकीतून बघत होते. बायका एकेक करून येत होत्या, पैसे पदरात बांधत होत्या, शाईत अंगठा बुडवून तीन रुपयांपुढे उमटवत होत्या आणि जाताना फोरमनला हात जोडत होत्या. ते हात जोडणं मला सहन झालं नाही.

पण खरी आग लागली ती त्यानंतर. टेबलावर बसून मी ती शीट पुन्हा मांडली, या वेळी खऱ्या मजुरीनं. शंभर पेट्यांमागे बायकांची मजुरी कागदावर साठ रुपये होती. खरी होती पस्तीस. म्हणजे पंचवीस रुपये बायकांच्या हातातून काढलेले. मला वाटत होतं चोरी पंचवीसची आहे. पण पंचवीस मजुरीच्या ओळीत घातले की त्यावर ऐंशी टक्के वरखर्च चढतो, वीस रुपये. झाले पंचेचाळीस. त्यावर ऑफिसखर्चाचे पाच टक्के. त्या सगळ्यावर दहा टक्के नफा. खरी किंमत येत होती तेराशे छप्पन. आम्ही सरकारला लावत होतो चौदाशे आठ. बावन्न रुपयांचा फरक. पंचवीस चोरायचे आणि खालच्या ओळीपर्यंत पोचेतो ते दुपटीहून जास्त होतात. आणि ही सगळी बेरीज माझ्या अक्षरात होती, सुबक, एकही खाडाखोड नाही.

मी घरी आले आणि बाबांना सगळं सांगितलं. मला खात्री होती की बाबा भडकतील. बाबा सरकारी नोकर, त्यांचंच सरकार लुबाडलं जात होतं. ते भडकले, पण माझ्यावर.

“तू काहून दुसऱ्याच्या धंद्यात डोकं घालून राहिली?” ते म्हणाले. “लढाई कधी सुरू होईल सांगता येत नाही. तिथं गोळे तयार पडून आहेत आणि पेट्या नाहीत. तू आता मजुरीचं काढून बसशील, पेट्या थांबतील. मग?”

मी म्हटलं, लढाई काय फक्त त्या बायकांनीच लढायची का.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, चला, जेवून घ्या आता. बाबा जेवले नाहीत. मीही जेवले नाही. बाबांवर माझा त्याआधी कधी राग नव्हता, त्या संध्याकाळी आला. त्यांना गोळ्यांची काळजी होती, पेट्यांची काळजी होती. ज्या बोटांनी त्या कड्या बांधल्या जात होत्या त्यांच्यासाठी त्यांच्याकडे एक शब्द नव्हता. आणि बाबा वाईट माणूस नव्हते, म्हणून तर जास्त चीड आली.

सोमवारी सेठजींनी मला नव्या ऑर्डरची शीट करायला सांगितली. पहिल्यापेक्षा मोठी ऑर्डर होती. मी शीट केली, बायकांची मजुरी पावणेदोननं धरून, आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. ते आकड्यांत पक्के होते, एका नजरेत कळलं. कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, पुन्हा कर. मी म्हटलं, खाली ‘तयार करणार’ म्हणून माझी सही असते, तीन रुपयांच्या शीटवर मी आता सही करणार नाही. ते म्हणाले, नको करूस, रोखपाल करेल. एवढंच. माझ्या नकाराची किंमत त्यांच्या लेखी तेवढीच होती, दुसऱ्या माणसाची सही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत बायका शेडमागे भिंतीच्या सावलीत बसायच्या. मी तिथे गेले. मी कधी जात नसे, म्हणून त्या जरा आवरून बसल्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. की तुम्ही अंगठा लावता तिथे तीन रुपये लिहिलेले असतात. की सरकार तुमच्या नावावर तीन रुपये देतं, आणि त्यावर वरखर्च आणि नफा आणखी देतं. तुमच्या हातात पावणेदोन पडतात.

एकीनं पोळीचा तुकडा हातातच धरला होता. मौसीनं विचारलं, “कागज पर तीन लिखा है?”

मी हो म्हटलं.

“कब से?”

मी म्हटलं, मी जितके कागद पाहिले त्या सगळ्यांवर तीनच आहेत. तिनं मान हलवली, डबा बंद केला, तांब्यातलं पाणी पिऊन घेतलं आणि उठली. बाकीच्या उठल्या.

मला वाटलं होतं त्या ऑफिसवर जातील, ओरडतील. तसं काही झालं नाही. त्या आपापल्या जागी जाऊन बसल्या, पेट्या घासल्या, रंगवल्या. फक्त कड्या बांधल्या नाहीत. दोरीचे गुंडाळे तसेच पडून राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. फोरमन ओरडला, मग गोडीनं बोलला, मग सुतारांना कड्या बांधायला बसवलं. सुतारांना त्या गाठी जमेनात. पेटी उचलली की कडी सुटायची. बिनकड्यांची पेटी सरकारी तपासणीत पास होत नाही. ट्रक फाटकाशी उभा, आत पेट्यांची थप्पी छपरापर्यंत, आणि एकही पेटी बाहेर जाऊ शकत नव्हती.

त्याच आठवड्यात लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले. बाबा घरी आले ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांच्या विभागात पेट्या पोचल्या नव्हत्या. म्हणाले, साहेब विचारून राहिले, पेट्या काहून नाही आल्या. मी काय सांगू, माझ्या पोरीनं थांबवल्या? मी म्हटलं, सेठजींनी थांबवल्या असं सांगा. सव्वा रुपयासाठी. बाबांनी हात उचलला होता. मारला नाही. तो तसाच खाली आणला आणि आत निघून गेले. पुढे कितीतरी दिवस आम्ही एका घरात राहून बोललो नाही.

मग सरकारच्या खरेदी खात्यातले, खर्च तपासणारे साहेब आले. उंच, चष्म्याचे, फार नीटनेटके. सेठजींच्या खोलीत बसले. सेठजींनी सांगितलं की बायका ऐन लढाईत अडून बसल्या आहेत, देशाचं काही पडलेलं नाही. साहेबांनी मौसीला बोलावलं, मला शीट घेऊन बोलावलं. मी दोन्ही शीट नेल्या. तीन रुपयांची आणि पावणेदोनची. शेजारी शेजारी ठेवल्या.

सेठजींचा चेहरा बदलला. म्हणाले, लड़की है, नई है, समझती नहीं. साहेबांनी दोन्ही कागद वाचले. मौसीला विचारलं, हातात किती मिळतात. तिनं सांगितलं. रजिस्टर मागवलं, अंगठे पाहिले. मी मनात म्हणत होते, आता उभे राहतील, आता पोलिसांना बोलावतील.

ते सेठजींना म्हणाले, “मुझे पेटियाँ चाहिए. कागज एक ही रहेगा. जो देते हो वो लिखो, या जो लिखते हो वो दो.”

सेठजी लगेच म्हणाले, ठीक आहे, पावणेदोन लिहा, किंमत कमी करा. बायकांना एक पैसा जास्त द्यायचा नव्हता त्यांना. त्यापेक्षा सरकारनं कापून घेतलेलं चालणार होतं.

माझं डोकं भणभणलं. मी बोलले. म्हटलं, सेठजी, पावणेदोन लिहिलं तर वरखर्चही कमी होतो, नफाही कमी होतो. शंभर पेट्यांमागे बावन्न रुपये जातील. तीन दिले तर पंचवीसच जातील. तुम्हीच बघा.

त्यांनी कागद ओढून घेतला. पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीखाली आकडा मांडला. पंचवीस, पंचेचाळीस, सव्वासत्तेचाळीस, बावन्न. आम्ही तिघंही त्यांची पेन्सिल बघत होतो. मग ते म्हणाले, “ठीक है. तीन दे देंगे.”

असं ते झालं. न्याय म्हणून नाही, लाज वाटली म्हणून नाही. मजुरी देणं न देण्यापेक्षा स्वस्त पडलं म्हणून. मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. मला त्यांच्या हातातली पेन्सिल मोडून टाकावीशी वाटली.

मौसी तिथेच उभी होती. ती म्हणाली, आणि मागचे? साहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. म्हणून मी विचारलं, आजवर ज्या पेट्या गेल्या त्यांच्यावर सरकारनं तीन रुपयांनी पैसे दिलेत, त्या बायकांच्या सव्वा रुपयाचं काय. साहेब चष्मा पुसत म्हणाले, ते कागद बंद झाले आहेत. सध्या लढाई आहे, लढाईनंतर बघू. ते इतक्या सभ्यपणे म्हणाले की जणू मीच अवेळी काहीतरी विचारलं होतं. चोरी सापडली, चोर समोर बसलेला, आणि तपासायला आलेला माणूस म्हणतो कागद बंद झाले. सेठजींचा राग यायला कारण होतं. या माणसाचा राग मला जास्त आला. सेठजी निदान पैशासाठी करत होते.

त्या दुपारी कड्या बांधल्या गेल्या. शनिवारी मी स्वतः उभी राहिले आणि प्रत्येकीच्या हातावर रोजच्या तीन रुपयांनी मजुरी पडताना पाहिली. ट्रक गेले. बाबांच्या विभागात पेट्या पोचल्या. बाबांनी ते मला सांगितलं नाही, आईकडून कळलं.

लढाई लवकर संपली. गावात मिरवणुका निघाल्या, मिठाई वाटली गेली. ऑर्डर आटली. सेठजींनी आधी मला काढलं, मग महिन्याभरात बायकांना. मला काढताना म्हणाले, बिटिया, तू हुशार आहेस, पण कारखान्याच्या कामाची नाहीस. मी त्यांना सांगितलं की ते चोर आहेत. तोंडावर सांगितलं, फोरमनच्या आणि रोखपालाच्या समोर. त्याचा त्यांना काहीच फरक पडला नाही, पण मला पडला. मागच्या पैशांसाठी मी त्या साहेबांच्या ऑफिसात अर्ज दिला. मग दुसरा दिला. उत्तर आलं नाही. तिसऱ्या वेळी गेले तर ते बदलून गेले होते, आणि त्यांच्या खुर्चीवरच्या माणसानं विचारलं, कोणत्या पेट्या?

पुढे मी एका शाळेत वाणिज्य शिकवायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. बाबा हळूहळू बोलायला लागले. त्या दिवसांबद्दल मात्र शेवटपर्यंत ना ते बोलले ना मी.

मौसी मला एकदाच भेटली. बाजारातल्या बड्या फुहाऱ्यापाशी, म्हणजे कारंज्यापाशी, कापडाच्या दुकानांसमोर, फुटपाथवर शिंगाडे विकत बसली होती. मी ओळखलं, तिनंही ओळखलं. मी खाली बसले, मुलींची विचारपूस केली. मोठीचं लग्न झालं होतं. मी तिला अर्जांबद्दल सांगितलं, की मी दिले होते, की काही झालं नाही. ती ऐकत होती. शिंगाडे तोलून पुडीत घालता घालता तिनं मला विचारलं, “दीदी, आपने पहले काहे नहीं बताया? आप तो पढ़ी-लिखी थीं.”

मी म्हटलं, मला त्याच आठवड्यात कळलं होतं. खरंच. त्या शनिवारच्या आधी माहीत नव्हतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला खरं वाटलं नाही, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. आणि का वाटावं? तिच्या आयुष्यात कागदाशी बसणाऱ्या प्रत्येक माणसाला सगळं आधीपासूनच माहीत होतं. मला तिला ओरडून सांगावंसं वाटलं की मी त्यांच्यातली नाही. पण दुकानातून गिऱ्हाइकं बाहेर पडत होती, एकीनं भाव विचारला आणि मौसी तिच्याकडे वळली. मी पुडी घेतली, पैसे दिले. तिनं सुटे परत केले, एकेक नाणं माझ्या तळहातावर मोजून, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

मी घरापर्यंत पायी आले. रस्ताभर मला राग येत होता, आणि तो तिच्यावर नव्हता.